सातव्या घरावर दोघांची नजर

दिल्ली, ३० जानेवारी २०१७

प्रिय अण्णा,

साष्टांग नमस्कार. फोनवर तुला फक्त खरखर ऐकू येते आणि मला फक्त "काय? काय?" ऐकू येतं, म्हणून पुन्हा कागदावर आले. मोठ्या अक्षरात लिहिते आहे. चष्मा सापडत नाही हे कारण देऊ नकोस, तो तुझ्या कपाळावर असेल.

अखिलाची पत्रिका घेऊन बस. मीन लग्न, सातवं घर कन्या, त्याचा मालक बुध कुंभेत. दशा शुक्राची, तिच्यात बुधाची अंतर्दशा चालू. म्हणजे सप्तमेशाचीच. दशेने दार उघडलं आहे, आता गोचराने उंबरा ओलांडायला हवा. गुरू ऑगस्टपासून कन्येत आहे, तिच्या सातव्या घरातच. आणि २६ जानेवारीला शनी धनू राशीत गेला. तिथून त्याची दहावी नजर कन्येवर पडते. दोघे मिळून एकाच घरावर. गेली दोन वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते हेच.

वीस जूनला शनी वक्री होऊन वृश्चिकेत परत जाईल. तेवढ्या अवधीत लग्न उरकून घे. सुंदरेशनसारखा मुलगा पुन्हा मिळायचा नाही. केट्टै नक्षत्राची मुलगी म्हटल्यावर लोक चहासुद्धा न घेता उठतात, मोठ्या दिराला वाईट म्हणे. हा तर एकुलता एक आहे, दीर आणायचा कुठून! तिरुचीची त्याची माणसं मुलगी बघून, सोज्जी-बज्जी खाऊन हो म्हणून गेली आहेत. ऑगस्टात त्याला मस्कतला जायचं आहे. वैकासी महिन्यातला, म्हणजे जूनच्या मध्याआधीचा मुहूर्त काढ.

तुझी धर्मा

---

कुंभकोणम, १४ फेब्रुवारी २०१७

चि. धर्मा,

अनेक आशीर्वाद. चष्मा कपाळावरच होता. तू दिल्लीत बसून इतकं बरोबर सांगतेस, म्हणून तर तुझी भीती वाटते.

शनी धनू राशीत गेला म्हणतेस. कोण म्हणतं? तुझं दिल्लीचं दृक पंचांग. दुर्बिणीवाल्यांचं. आपल्या घरात चार पिढ्या वाक्य पंचांग चालतं. त्यात शनी अजून वृश्चिकेत आहे आणि १९ डिसेंबरपर्यंत तिथेच राहणार. तिरुनळ्ळारच्या देवळात शनीचा उत्सव कधी आहे, विचार जाऊन. डिसेंबरात. लाखो माणसं त्या दिवशी तिथे तळ्यात बुडी मारतील, ती सगळी मूर्ख आणि तू तेवढी शहाणी?

माझ्या हिशोबाने वृश्चिकेतला शनी मकर, वृषभ आणि सिंह बघतो. कन्येकडे त्याची पाठ आहे. गुरू एकटा बसला आहे तिच्या सातव्या घरात. वडील काय म्हणायचे? गुरू होकार देतो, पण हातात आणून ठेवतो शनी. एकट्या गुरूवर लग्न ठरतं आणि मोडतं.

डिसेंबरात शनी धनू राशीत येईल, गुरू तोवर तुळेत गेलेला असेल. गुरूची पाचवी नजर कुंभेवर, शनीची तिसरी नजर कुंभेवर, आणि कुंभेत कोण बसलाय? तिचा सप्तमेश बुध. घरावर नाही तर घराच्या मालकावर दोघांची नजर. तेही तितकंच पक्कं. मार्गळी महिना लग्नाला चालत नाही, तेव्हा तै महिन्यात, पोंगल झाला की करू. मुलाला मस्कतहून रजा घेऊन येता येईल. विमानं बंद झालेली नाहीत.

बाकी क्षेम. देवळाच्या पायऱ्या कुणीतरी वाढवून ठेवल्यात असं अलीकडे वाटतं.

तुझा अण्णा

---

दिल्ली, २ मार्च २०१७

प्रिय अण्णा,

पत्र मिळालं. पायऱ्या अकराच आहेत. लहानपणी मी त्या मोजूनच चढायचे. डॉक्टरला दाखव.

आता वादाचं बोलू. चल, तुझंच पंचांग घेऊ. शनी वृश्चिकेत, गुरू कन्येत. अखिलाचा चंद्र वृश्चिकेत आहे, म्हणजे चंद्रापासून सातवं घर वृषभ. वृश्चिकेतल्या शनीची सातवी नजर वृषभेवर, कन्येतल्या गुरूची नववी नजर वृषभेवर. लग्नराशीपासून बघितलं तसं चंद्रापासूनही बघायचं, हे वडिलांनीच शिकवलं होतं. तेव्हा तुझ्या वाक्य पंचांगानेही आत्ता लग्न होतं! लग्नराशीपासून माझ्या पंचांगाने होतं, चंद्रापासून तुझ्या पंचांगाने होतं. मग कशासाठी अडून बसलास?

मुलाच्या आईने परवा मला फोन केला होता. त्या म्हणाल्या, "मामी, आम्हाला तुमची मुलगी पसंत आहे, पण वर्षभर गळ्यात घंटा बांधून कोण बसतं? वैकासी नाही तर आम्ही दुसरं बघू." मी त्यांना थोपवून धरलं आहे.

आणि एक लिहिते. रागावू नकोस. दोन पंचांगांत खरं कुठलं ते आपल्या घरात एकदा ठरून गेलं आहे. शारदा मन्नी गेली ते साल आठव. २०११, कार्तिगै, ३ डिसेंबर. तुझं सातवं घर कन्या, तेच तुझ्या बायकोचं. त्याच्यापासून दुसरं घर तूळ, तिचं मारक. गुरू मेषेतून तुळेकडे बघत होता. दृक पंचांगाने शनी १५ नोव्हेंबरलाच तुळेत आला होता. तुझ्या पंचांगाने तो २१ डिसेंबरला येणार होता. तू म्हणालास, शनी येईपर्यंत काही होत नाही, अखिलाची परीक्षा होऊ दे, मग तंजावरला ऑपरेशन करू. मन्नीने तुझ्यावर विश्वास ठेवला.

तो विश्वास दुसऱ्यांदा मागू नकोस.

तुझी धर्मा

---

कुंभकोणम, १७ मार्च २०१७

धर्मा,

शारदाचं नाव तू या वादात आणायला नको होतंस.

आपण भावंडं आहोत म्हणून एवढंच लिहितो. तुझ्या पत्रात शास्त्र कमी आणि घाई जास्त आहे. इतकी वर्षं तू म्हणत होतीस की पोरीला शिकू दे, नोकरी करू दे, लग्नाची काय गडबड. आता घराला आग लागल्यासारखी वैकासी वैकासी करते आहेस. काय लपवतेस?

अण्णा

---

दिल्ली, २७ मार्च २०१७

प्रिय अण्णा,

माझं चुकलं. मन्नीचं लिहून झाल्यावर पत्र फाडायला हवं होतं, ते मी पेटीत टाकलं.

काही लपवत नाही. सत्तर वर्षांची बाई आहे, सगळ्याचीच घाई होते. दूध उतू जायच्या आधीच गॅस बंद करते आणि मग कच्च्या दुधाची कॉफी पिते. एवढीच माझी घाई.

मुहूर्ताचं तूच ठरव. फक्त एक मागणं आहे. मंगलसूत्राच्या वेळी अखिला बापाच्या मांडीवर बसली पाहिजे. तुझ्या. सांबू चित्तप्पांच्या नाही, काका तो काकाच, आणि कुणा मामाच्या नाही. पोरीला आई नाही. तेवढं तरी तिचं तिला मिळू दे.

तुझी धर्मा

---

कुंभकोणम, १२ एप्रिल २०१७

चि. धर्मा,

आशीर्वाद. तू गणिताची मास्तरीण, पण खोटं बोलण्यात पहिल्यापासून नापास. "तुझ्या. सांबू चित्तप्पांच्या नाही." एवढं एक वाक्य वाचलं आणि तुझा सगळा हिशोब माझ्यासमोर उघडा पडला.

तू माझी पत्रिका काढून बसली आहेस.

माझंही मीन लग्न. बापलेकीचं एकच. तिचं सातवं घर तेच माझं. तिच्या सातव्या घरात नवरा बसतो, माझ्या सातव्या घरात या वयात कोण बसणार? तिसरं आणि आठवं ही आयुष्याची घरं. त्यांच्या मागची दोन, दुसरं आणि सातवं, ती आयुष्य खर्च करतात. म्हणून ती मारक. माझी शनीची महादशा, तिच्यात बुधाची अंतर्दशा. बुध सातव्याचा मालक, शनी बाराव्याचा. दशा कौल देऊन बसली आहे आणि गुरू-शनी दोघेही कन्येवर टक लावून आहेत. जे गोचर तिला मंगलसूत्र देतं, तेच मला उचलून नेऊ शकतं. तू हे पाहिलंस, आणि वीस जूनच्या आत माझ्या मांडीवर तिला बसवायची धडपड सुरू केलीस. बरोबर?

आता माझं ऐक. हे मी जानेवारीतच पाहिलं होतं. तुझं दृक पंचांग माझ्याकडे आहे. शारदा गेली त्याच्या दुसऱ्या महिन्यात मी ते गुपचूप विकत आणलं, आणि पंचपात्राच्या मागे ठेवलं. रोज दोन्ही उघडतो. लोकांना वाक्य सांगतो आणि एकटा असलो की दृक बघतो.

तू मला हट्टी समजतेस. हट्ट नाही, धर्मा. भीती आहे. पोरीचं लग्न दृक पंचांगाने आत्ता करायचं म्हटलं, तर माझं मरणही त्याच पंचांगाने आत्ताच आलं आहे असं कबूल करावं लागतं. आणि शारदाचं मरणही. लग्नाला एक पंचांग आणि मरणाला दुसरं, असं नाही ना चालत! वाक्य पंचांग धरलं की शनी डिसेंबरपर्यंत लांब आहे, मी सुरक्षित आहे, आणि शारदा माझ्यामुळे गेली नाही. एवढ्यासाठी मी ते छातीशी धरून बसलो होतो. पोरीला वर्षभर थांबवायला निघालो होतो.

लाज वाटली. मुहूर्त काढला आहे. रविवार, ४ जून, वैकासी महिना, हस्त नक्षत्र. तिरुचीला कळवलं. अखिलाला यातलं काही सांगायचं नाही. तिला एवढंच माहीत आहे की म्हातारा शेवटी ऐकला.

लवकर ये. आठ दिवस आधी.

अण्णा

---

दिल्ली, २० मे २०१७

प्रिय अण्णा,

तुझं पत्र मी किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. शारदा मन्नीचा दोष तुझा नाही. तिचं हृदय आधीच थकलेलं होतं, डॉक्टरही तेच म्हणाले होते. मी रागाच्या भरात लिहिलं, ते तू खरं धरून बसू नकोस.

येऊ शकत नाही. गुडघा पार सुजला आहे, दोन दिवस रेल्वेत बसणं झेपणार नाही. अखिलासाठी नऊवारी रेशमी पट्टू तिकडे येणाऱ्या शेजारच्या मुलीबरोबर पाठवते. तिला म्हणावं, अत्तैने नेसवायला यायचं कबूल केलं होतं आणि शब्द मोडला. काय म्हणायचं ते म्हणू दे.

मांडीवर बसवताना पाठ ताठ ठेव. ती आता पाच वर्षांची नाही.

तुझी धर्मा

---

कुंभकोणम, २६ जून २०१७

चि. धर्मा,

आशीर्वाद. झालं. अखिला माझ्या मांडीवर बसली. चांगलीच जड आहे! सुंदरेशनने मंगलसूत्राची पहिली गाठ मारेपर्यंत माझे दोन्ही पाय मेले होते. भटजी मंत्र लांबवत होते आणि मी मनात म्हणत होतो, अरे आवर रे बाबा. मग तिने हळूच विचारलं, "अप्पा, उठू का?" मी म्हटलं, "बस गं, बस." तेवढं एक वाक्य बोलायला मिळालं म्हणून मी तुझे पाय धरायला हवेत, पण तू धाकटी आहेस.

तू नव्हतीस. तिने पट्टू नेसताना दोनदा दाराकडे पाहिलं.

आता पुढचं. अकरा जूनला सकाळी पूजा करताना छातीत कळ आली. अखिला आणि जावई मला तंजावरला घेऊन गेले. चार दिवस तिथे होतो. नळीत जाळी बसवली. डॉक्टर म्हणाले, तास-दोन तास उशीर झाला असता तर कठीण होतं. या वेळी कुणी कुठलंही पंचांग उघडलं नाही, सरळ गाडीत घातलं. मारक म्हणजे प्रत्येक वेळी मरणच असं नाही, मरणाएवढा तडाखा असतो, हे मीच लोकांना सांगत आलो. आता अंगावर घेऊन सांगीन.

वीस तारीख गेली. तुझ्या शनीने पाठ फिरवली. मी खाटेवर बसून इडली खातो आहे.

तुझा अण्णा

---

दिल्ली, ८ जुलै २०१७

प्रिय अण्णा,

पत्र वाचून देवापुढे दिवा लावला आणि मग एकटीच मोठ्याने रडले. शेजारीण धावत आली, काय झालं म्हणून. मी म्हटलं, भाऊ इडली खातोय. तिला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

तू सुटलास. मी हिशोब तपासून पाहिला. शनी आता २६ ऑक्टोबरला पुन्हा धनू राशीत येईल, पण तोवर गुरू १२ सप्टेंबरला कन्या सोडून तुळेत गेलेला असेल. तुझ्या सातव्या घरावर शनी एकटाच राहील. एकट्याने काही होत नाही. गोळ्या वेळेवर घे आणि मीठ कमी कर. लोणच्याची बरणी अखिला तिरुचीला घेऊन गेली असेल अशी आशा आहे.

हे पत्र माझ्या अक्षरात नाही, घाबरू नकोस. शेजारणीच्या मुलीला सांगून लिहून घेते आहे. हात दुखतो.

तुझी धर्मा

---

कुंभकोणम, ८ ऑक्टोबर २०१७

चि. धर्मा,

आशीर्वाद. तीन महिन्यांत मी चार पत्रं टाकली. एकाचंही उत्तर नाही. अखिलाने मस्कतहून तुझ्याकडे फोन लावला. म्हणाली, अत्तै दोन वाक्यं बोलली आणि तिला धाप लागली, मग कुणीतरी बाईने फोन घेतला आणि "त्यांना आता विश्रांती घेऊ द्या" म्हणाली. गुडघा दुखणाऱ्या माणसाला धाप लागत नाही.

मग मी जे करायला नको होतं ते केलं. वडिलांनी तुझ्या जन्माच्या वेळी लिहिलेलं ताडपत्र काढलं. धनू लग्न. सातवं घर मिथुन. बुधाची महादशा, तिच्यात शनीची अंतर्दशा. बुध तुझ्या सातव्याचा मालक, शनी दुसऱ्याचा, दोन्ही मारक. तुळेतल्या गुरूची नववी नजर मिथुनेवर आली आहे. आणि २६ ऑक्टोबरला शनी तुझ्या लग्नातच येऊन बसतो, सातवी नजर थेट मिथुनेवर. पुढच्या ऑक्टोबरपर्यंत दोघे तिथून हटत नाहीत.

जानेवारीत गुरू कन्येत होता, तेव्हा तुझ्या मिथुनेवर एकटा शनी होता. म्हणून तुला वेळ होता. माझ्यासाठी जो हिशोब तू केलास, त्याच कागदावर दोन ओळी खाली तुझा होता. तू पाहिला नाहीस असं मला सांगू नकोस. मी मरेन म्हणून तू पोरीचं लग्न ओढून आणलंस आणि स्वतःचं एका शब्दाने बोलली नाहीस.

मी येतो आहे. अखिलाला सांगितलेलं नाही, ती अडवील. २४ तारखेच्या गाडीचं तिकीट आहे. डॉक्टर प्रवास नको म्हणाले, म्हणू दे. तोवर उत्तर लिही, कुणाच्याही अक्षरात लिही. मला खोटं नको आहे.

अण्णा

---

दिल्ली, १५ ऑक्टोबर २०१७

प्रिय अण्णा,

हे मी स्वतः लिहिते आहे. दोन दिवस लागले, तेव्हा अक्षराला हसू नकोस.

फुप्फुसात आहे. डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितलं, म्हणून त्या आठवड्यात पत्रिका काढल्या. आधी माझी काढली, मग तुझी. माझी बघून झाल्यावर काही वाटलं नाही, नवरा गेला, मूलबाळ नाही, कोण अडणार आहे? तुझी बघितली आणि हिशोब पुन्हा पहिल्यापासून मांडला. अखिलाचं लग्न व्हायच्या आत तू गेलास तर काय करायचं, तेवढाच एक प्रश्न होता. तो सुटला. मी वादात जिंकले, हे कबूल कर.

वर्षभर मनाशी म्हणत होते की मला भीती नाही. परवा डॉक्टर खिडकीपाशी उभे राहून कुजबुजले आणि मला भीती वाटली, अण्णा. फार वाटली. अकरा दिवस राहिले आहेत माझ्या पंचांगाने. भिंतीवर टांगलेलं दृक पंचांग मी उतरवून उलटं ठेवलं आहे. बघवत नाही. चाळीस वर्षं ज्याच्यासाठी तुझ्याशी भांडले, तेच.

ये. मफलर आण, इथे सकाळी गार वाटायला लागलं आहे. आणि येताना तुझं वाक्य पंचांग घेऊन ये. विसरू नकोस. त्यात शनी १९ डिसेंबरला येतो, चोपन्न दिवस जास्त आहेत.

तुझी धर्मा